मान्यवरांच्या आधी मोल्डर

कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाचं भाषण कसं सुरू होतं हे आपल्याकडे कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ‘आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, बँकेचे अधिकारी, आमचे ग्राहक, पुरवठादार, नातेवाईक, मित्रपरिवार, आमचे सर्व कामगार बंधू आणि पत्रकार मित्रहो...’ एवढं म्हणून वक्ता पाण्याचा घोट घेतो. मांडवात मागच्या बाजूला, नव्या टोप्या घालून बसलेली माणसं तोवर पंख्याच्या दिशेनं खुर्ची सरकवत असतात. त्यांचा नंबर नातेवाइकांनंतर आणि पत्रकारांच्या आधी लागून गेला, हे त्यांच्यापैकी निम्म्यांच्या लक्षातही आलेलं नसतं.

पुढं भाषणात कधीतरी ‘हे सगळं तुमच्यामुळेच’ असं वाक्य येतं. ते खरंही असतं. पण ज्यांच्यामुळे सगळं झालं ते नवव्या क्रमांकावर का, याचं उत्तर त्या भाषणात नसतं. सभेचा शिष्टाचार म्हणून हा क्रम आला आहे आणि जाहीर सभेत तो बरोबरच आहे. घरच्या धंद्याचा रौप्यमहोत्सव मात्र जाहीर सभा नसते. तिथं यजमान कोण, पाहुणे कोण आणि घरचे कोण, हे पहिल्या तीन वाक्यांत ठरतं. म्हणून या लेखात पूर्ण भाषणाचा विचार नाही, फक्त सुरुवातीच्या दोन मिनिटांचा आहे. ती दोन मिनिटं लिहायला बाकीच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त कष्ट पडतात आणि त्यातले बरेचसे लेखणीचे नसतात, कागदपत्रांचे असतात.

नुसतं बोलून उपयोग नाही, म्हणून एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली मध्यम आकाराची फाउंड्री. पंप आणि ट्रॅक्टरचे बिडाचे सुटे भाग ओतणारी. सुरुवात २००१ च्या दसऱ्याला, पत्र्याचं एक शेड, एक क्युपोला आणि सात माणसं. आज इंडक्शन भट्ट्या आहेत, माणसं दीडशेच्या आसपास आहेत. मालकांना तिथं कुणी ‘साहेब’ म्हणतं, जुने लोक ‘मालक’ म्हणतात. कारभार आता त्यांची मुलगी बघते आणि रौप्यमहोत्सवाचं भाषणही तीच करणार आहे. कारखाना काल्पनिक आहे, पण शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरात ज्यांचा वावर आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल.

तिच्यासमोरचा पहिला प्रश्न असा, की पंचवीस वर्षांचे कामगार कोण? सोपा वाटतो. ऑफिसात सांगितलं की संगणकातून यादी निघते. यादी निघते ती पीएफच्या तारखेवरून. इथंच घोळ होतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस माणसं झाल्यावर लागू होतो. सात माणसांच्या शेडला पीएफ नव्हता. समजा, विसावा माणूस २००६ साली आला आणि तेव्हा सगळ्यांची खाती एकदम उघडली. म्हणजे कागदावर पहिले सात आणि विसावा, सगळे एकाच दिवशी कामाला लागले! यादीत पंचवीस वर्षांचा एकही माणूस सापडत नाही, आणि ऑफिसातला नवा मुलगा निरागसपणे सांगतो, ‘ताई, पंचवीसवाले कुणीच नाहीत, वीसवाले देऊ का?’

खरी यादी मिळते ती जुन्या हजेरीपटात, पगाराच्या वहीत, बोनसच्या पावत्यांत आणि खंडेनवमीच्या फोटोंत. यंत्रांची पूजा झाली की सगळे मिळून एक फोटो काढायचा, ही बहुतेक कारखान्यांची रीत असते. २००१ च्या फोटोत जो उभा आहे तो होता, यावर वाद होत नाही. सर्वांत भरवशाचा दस्तऐवज म्हणजे जुना टाइमकीपर किंवा मुकादम. त्याच्यापुढं यादी ठेवली की तो बोट ठेवून सांगतो, हा मधे दोन वर्षं गावी गेला होता, हा आधी ठेकेदाराकडं होता, ह्याचं नाव कागदावर वेगळं आहे.

अशी शोधाशोध केली की या कारखान्यात चित्र काहीसं असं दिसतं. पहिल्या सातांपैकी चौघं अजून कामावर आहेत. एक निवृत्त झालाय. एक वारलाय. आणि सातवा बारा वर्षांनी बाहेर पडला, त्यानं जवळच स्वतःचं छोटं शेड टाकलं आणि आज दोन ग्राहकांच्या बाबतीत तो स्पर्धक आहे. शिवाय कोअर शॉपमधल्या बायका आहेत. त्यातल्या दोघी तर अठरा-वीस वर्षं तिथं कोअर करतात, पण ठेकेदाराच्या मस्टरवर. कारखान्याच्या कुठल्याच यादीत त्या नाहीत. नॉकआउट आणि फेटलिंगला बिहार, ओडिशातून आलेली मुलं आहेत. ती दहा वर्षांत पाच वेळा गावी जाऊन आली असतील, पण परत इथंच आली.

यातल्या कुणाला नमस्कार करायचा आणि कुणाला वगळायचं? माझं मत स्पष्ट आहे. नावानं घ्यायचे ते पहिले सात, सातच्या सात. वारलेल्याच्या घरच्यांना बोलवायचं आणि त्याचं नाव घेताना तो नाही हे त्याच वाक्यात सांगायचं. यादी वाचताना अशा माणसाचं नाव ‘कृपया पुढे यावे’च्या चालीत वाचलं जातं, तेव्हा मांडवात जी कुजबुज होते ती शेवटपर्यंत थांबत नाही. बाहेर पडलेल्यालाही बोलवायचं. कोल्हापुरात आजचा मोल्डर उद्याचा कारखानदार होतो, ही तिथली जुनी चाल आहे. त्याचा राग धरून बसणाऱ्या मालकाकडं बाकीचे वेगळ्याच नजरेनं बघतात. कोअर शॉपच्या बायकांचा उल्लेख ठेकेदारामार्फत नको, थेट हवा. उरलेल्या सव्वाशे-दीडशे जणांची नावं मात्र सुरुवातीला वाचू नयेत. दहाव्या नावानंतर ऐकणारा फक्त आपलं नाव येतंय का हे ऐकतो, आणि एखादं राहिलं तर बाकीची वाचून काही उपयोग होत नाही.

आता एक अडचणीचा मुद्दा. ताईंनी माइकवर सांगितलं, की हे चौघं २००१ पासून आमच्याकडे आहेत. टाळ्या पडल्या. हिशेबनीस मात्र खुर्चीत चुळबुळ करू लागला, कारण त्याच्या कागदावर नोकरीची सुरुवात २००६ आहे आणि ग्रॅच्युइटीची तरतूद त्यानं तिथून धरली आहे. ग्रॅच्युइटीचं सूत्र असं: शेवटचा मासिक पगार, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. समजा, चौघांपैकी एकाचा हा पगार २६,००० रुपये आहे. म्हणजे दर वर्षामागं १५,००० रुपये. २५ वर्षांचे ३,७५,००० होतात, २० वर्षांचे ३,००,०००. फरक ७५,००० रुपयांचा, तोही एका माणसामागं. ग्रॅच्युइटी मोजायची असते ती प्रत्यक्ष केलेल्या सलग सेवेवर. पीएफचं खातं कधी उघडलं यावर नाही. म्हणजे मुलगी माइकवर जे बोलली ते बरोबर होतं, चूक कागदात होती.

म्हणून हे काम कार्यक्रमाच्या आधी उरकावं. चौघांची खरी तारीख कागदावर दुरुस्त करावी, त्यांना तसं पत्र द्यावं, आणि मग स्टेजवरून खुशाल २००१ म्हणावं. ज्याच्या हातात ते पत्र आहे त्याला व्यासपीठावरून उच्चारलेलं साल वेगळं ऐकू येतं. उलट, पत्र न देता नुसतं भाषणात साल सांगितलं, तर मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणतोच, ‘बोलायला काय जातंय.’

याच्याच जवळची दुसरी चूक म्हणजे हक्काची गोष्ट भेट म्हणून जाहीर करणं. बोनस, ग्रॅच्युइटी, साठलेल्या रजेचे पैसे यांचा उल्लेख आभाराच्या वाक्यात आला, की कामगाराला लगेच कळतं, हे तर मिळणारच होतं. भेट द्यायची तर वेगळी द्यावी, आणि तिचा उच्चार सुरुवातीच्या दोन मिनिटांत करूच नये. रौप्यमहोत्सव म्हणून चांदीचं नाणं देतात. त्यावर संस्थापकांचा चेहरा कोरून घ्यायची हौस काहींना असते. घ्यावी, पण देवघरात ते नाणं कुठं ठेवायचं हा प्रश्न कामगाराच्या बायकोला पडतो, एवढं लक्षात असू द्यावं.

यादी झाली, आता शब्द. आभार मानताना आपल्याकडे ठरलेली विशेषणं आहेत: प्रामाणिक, कष्टाळू, निष्ठावान, अविरत. ही विशेषणं कुठल्याही कारखान्यातल्या कुठल्याही माणसाला चालतात, म्हणूनच ती कुणालाच लागत नाहीत. त्यांच्या जागी हवं ते काम. माणूस नक्की काय करायचा, कशानं करायचा, आणि त्यानं ते केलं नसतं तर काय झालं असतं.

फाउंड्रीतलंच बघू. ओतकामात साच्याची वाळू महत्त्वाची. वाळूत बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची पूड आणि अगदी बेताचं पाणी मिसळतात. पाणी शेकडा तीन-चारच्या आसपास. जास्त झालं तर रस ओतल्यावर वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये पोकळ भोकं राहतात. त्याला ब्लो होल म्हणतात. कमी झालं तर साच्याच्या कडा ढासळतात. आज हे मोजायला उपकरणं आहेत. २००१ च्या शेडमध्ये ती नव्हती. जुना मोल्डर वाळूची मूठ आवळायचा, उघडायचा आणि बघायचा. बोटांचे ठसे गोळ्यावर स्वच्छ उमटले, हाताला ओल चिकटली नाही, आणि गोळा मधोमध मोडल्यावर कडा धारदार राहिली, तर वाळू जमली. नाहीतर, ‘परत मळा.’ हे दोन शब्द म्हणण्याचा अधिकार त्या शेडमध्ये मालकालाही नव्हता, फक्त त्या मोल्डरला होता.

किंवा भट्टीवाला घ्या. इंडक्शन भट्टीत लोखंड चौदाशे अंशांच्या वर तापलेलं असतं आणि भोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून पाणी फिरत असतं. वीज गेली की दोन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. रस थंड व्हायला लागतो, आणि पंप बंद पडल्यानं कॉइलचं पाणी थांबतं. रस भट्टीत गोठला तर आतलं अस्तर फोडून सगळं पुन्हा बांधायची वेळ येऊ शकते. पाणी थांबलं तर कॉइल जळते, आणि तिथं पाणी व रस यांची गाठ पडली तर स्फोट. त्या पहिल्या काही मिनिटांत उंचावरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, डिझेल पंप सुरू करायचा आणि गरज पडली तर भट्टी कलती करून रस ओतून मोकळा करायचा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी महाराष्ट्रात भारनियमन काय होतं हे वाचकांना सांगायला नको. ठरलेल्या वेळेला गेलेली वीज परवडायची. न सांगता गेलेली वीज भट्टीवाल्याची परीक्षा घ्यायची. ‘अविरत कष्ट’ म्हणण्याऐवजी ‘अंधारात व्हॉल्व्हपाशी पहिले पोहोचायचे ते अण्णा’ असं म्हटलं, की ज्यांना व्हॉल्व्ह माहीत आहे ते सगळे अण्णांकडं बघतात. व्यासपीठावरचे मान्यवर बघत नाहीत, त्यांना तो माहीत नसतो. हरकत नाही.

मात्र गोष्ट निवडताना एक पथ्य पाळावं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता आणि आंबेवाडी, चिखलीसारखी गावं पाण्यात होती. अशा वेळी कुणी कारखान्यात अडकून पडला, भट्ट्या आणि मोटारी सांभाळल्या, हा किस्सा भाषणात हमखास येतो. येऊ द्या. पण त्या माणसाचं स्वतःचं घर तेव्हा पाण्यात होतं का, आणि कारखान्यानं नंतर त्यासाठी काय केलं, याचं उत्तर चांगलं असेल तरच. ‘घर बुडालं तरी कामावर हजर’ हे कौतुक मालकाच्या तोंडी शोभत नाही. तसंच ‘पंचवीस वर्षांत एक रजा नाही’ हेही. ऐकणाऱ्या तरुण कामगाराला त्यात पुढची अपेक्षा ऐकू येते. अपघातात गेलेलं बोट ही आठवण तर काढूच नये, कितीही आदरानं काढली तरी.

मग हाक कशी मारायची? घरच्या धंद्यात हा प्रश्न नाजूक असतो. मुलगी शाळेच्या गणवेशात कारखान्यात यायची तेव्हापासून मोल्डर तिला ‘तात्या’ आहेत, भट्टीवाले ‘अण्णा’. आज स्टेजवर एकदम ‘श्रीयुत’ लावलं तर परकेपणा येतो. नुसतं ‘तात्या’ म्हटलं तर समोर बसलेल्या जावई-सुनांना कळत नाही, की सासऱ्यांचं नाव सन्मानानं घेतलंय की नेहमीसारखी हाक मारलीय. यावर जुना आणि चांगला उपाय आहे: आधी पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश, मग ‘म्हणजे आमचे तात्या’. पूर्ण नाव घेताना ते बरोबर घ्यावं. बऱ्याच जुन्या कामगारांचं आधार कार्डावरचं नाव आणि गावातलं नाव वेगळं असतं, आणि आडनावाचा उच्चार कागदावरून कळत नाही. ज्याचं त्यालाच आदल्या दिवशी विचारावं.

संस्थापक स्वतः बोलणार असतील तर गोष्ट बदलते. शेडमध्ये ते तात्यांना ‘अरे तात्या, तू’ म्हणतात. स्टेजवर त्यांनी अचानक ‘आपण आमच्याकडे आलात’ सुरू केलं तर तात्यांनाच अवघडल्यासारखं होतं. पहिल्या नावाला मान द्यावा, मग आपल्या नेहमीच्या ‘तू’वर यावं. तो एकेरीपणा पंचवीस वर्षांनी कमावलेला असतो. मुलीला मात्र तो उपलब्ध नाही, तिच्यासाठी ‘तुम्ही’च.

‘आपण सगळे एक कुटुंब’ हे वाक्य सुरुवातीला घेऊ नये, असं मी सुचवेन. कुटुंबात वाटणी होते, आणि ऐकणाऱ्यांना ते ठाऊक असतं. ताईंनी तात्यांच्या हाताखाली महिनाभर साचे मारले असतील तर तेच सांगावं. नातं त्यातून आपोआप दिसतं, जाहीर करावं लागत नाही.

एवढी तयारी झाल्यावर लिहिलेला नमस्कार साधारण असा होतो. जिथं ‘तात्या’, ‘अण्णा’ लिहिलंय तिथं आधी पूर्ण नाव आहे असं समजावं.

‘नमस्कार. आज पाहुणे पुष्कळ आले आहेत आणि मी सगळ्यांचं स्वागत करणार आहे. पण आधी पहिल्या रांगेला नमस्कार करते. तात्या, अण्णा, भाऊ, आबा. २००१ च्या दसऱ्याला इथं एक पत्र्याचं शेड होतं, एक क्युपोला होता आणि तुम्ही सात जण होता. पहिल्या दिवशीचे किती साचे वाया गेले ते बाबा अजून सांगत नाहीत. तात्यांनी सांगितलंय, पण मी आज बोलणार नाही. तात्यांनी मुठीत वाळू धरून ‘परत मळा’ म्हटलं की बाबाही गप्प बसायचे. मीही त्यांच्या हाताखाली महिनाभर पेट्या भरल्या, माझ्याही परत मळायला लावल्या. अण्णा, रात्री वीज गेली की टॉर्च सापडायच्या आधी तुम्ही पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी असायचात. भट्टी आज उभी आहे. भाऊ, आबा, आज ग्राहक परत पाठवतात ते नग मोजके असतात, कारण सदोष नग तुम्ही त्यांच्या दारात जाऊच दिला नाही. मामा निवृत्त झाले तरी मुद्दाम आले, मामा, नमस्कार. बापू आज नाहीत. वहिनी आणि मुलं आली आहेत. वहिनी, या शेडचे पहिले पॅटर्न बापूंच्या हातचे आहेत आणि त्यातले दोन अजून वापरात आहेत. दादा, तुम्ही आता शेजारचे कारखानदार झालात, तरी जागा तुमची पहिल्याच रांगेत आहे. कोअर शॉपच्या मावशी आणि ताई, तुमची नावं आमच्या रजिस्टरला नव्हती. ती का नव्हती आणि पुढं काय, हे बोलायला मी उद्या तुमच्याकडं येणार आहे. नॉकआउट के हमारे साथियों, इतनी दूर से आकर आपने इसे अपना समझा, आपको भी नमस्कार. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आता बाकीच्या पाहुण्यांकडे वळते...’

दोन मिनिटांच्या आसपासचा हा मजकूर आहे. यात आमदारांचं नाव नाही, बँकेचं नाही. ते पुढच्याच वाक्यात येतं, आणि ‘पहिल्या रांगेला नमस्कार’ झाल्यावर आल्यामुळं कुणाचा अपमान होत नाही. तरी ज्यांना पहिलं स्थान लागतं असे पाहुणे असतातच. त्यांच्यासाठी सूत्रसंचालकानं आधीच सगळ्या मान्यवरांची नावं शिष्टाचाराच्या क्रमानं घेऊन ठेवावीत, म्हणजे यजमान मोकळा होतो. हा साधा बदल केला तर भांडण उरत नाही.

या मजकुरातल्या दोन वाक्यांवर आक्षेप येऊ शकतो. एक, कोअर शॉपच्या बायकांबद्दलचं. कार्यक्रमात अडचणीची गोष्ट कशाला, असं घरातलेच म्हणतील. ते वाक्य काढलं तरी चालेल, पण मग त्या बायकांचा उल्लेख ‘आमच्याच’ म्हणून करू नये. दोन्ही चालणार नाही. आणि ते वाक्य ठेवलं तर दुसऱ्या दिवशी जावंच लागेल. दुसरा आक्षेप, साचे वाया गेल्याच्या विनोदावर. मालकाच्या जुन्या फजितीवरचा विनोद चालतो, कामगाराच्या फजितीवरचा चालत नाही. तात्यांच्या तंबाखूवर किंवा आबांच्या उशिरा येण्यावर मांडव हसतो, आबांची नातवंडंही ऐकत असतात.

मसुदा तयार झाला की तो सर्वांत आधी टाइमकीपरला वाचून दाखवावा, घरच्यांना नंतर. घरचे ‘छान आहे’ म्हणतात. टाइमकीपर म्हणतो, ‘ताई, भाऊ फेटलिंगला नंतर गेले, आधी लेडलवर होते.’ अशा दोन दुरुस्त्या निघाल्या तर मसुदा जमत आला आहे असं समजावं. एकही निघाली नाही, तर त्यात तपासण्यासारखं काही नाही, नुसती विशेषणं आहेत.

नाव घेऊन सांगण्याचा परिणाम किती टिकतो, याचं आपल्याच भागातलं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना उभा केला. त्यांच्याबरोबर जांभेकर, रेगे, फळणीकर होते, हे आजही किर्लोस्करवाडीचा इतिहास सांगताना सांगितलं जातं. घरच्यांनीच ती नावं पुन्हा पुन्हा लिहिली आणि बोलली म्हणून ती राहिली. त्या काळातल्या कितीतरी कारखान्यांचे फक्त मालक आपल्याला माहीत आहेत.

भाषण वाचताना एक करावं. पहिल्या सातांच्या नावांच्या वेळी कागदावरून नजर उचलून त्या माणसाकडं बघावं, आणि तो कुठं बसलाय हे आधी बघून ठेवावं. नाव एका बाजूला आणि नजर दुसऱ्या बाजूला गेली, की सगळी मेहनत वाया जाते. प्रत्येक नावानंतर टाळ्यांसाठी थांबू नये. टाळ्या मागितल्यासारखं होतं. आपोआप पडल्या तर पडू द्याव्यात. अशा कार्यक्रमात बहुतेक टाळ्या पुढच्या रांगेकडं बघून पडतात. मागच्या रांगेतून, तरुण पोरांतून सुरू झाल्या तर नाव लागलं असं समजावं.

राहिला शेवटचा भाग, आभारप्रदर्शन. सुरुवातीला कामगारांचे आभार मानले असले तर शेवटी पुन्हा मानायची गरज नसते. ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं, पुतण्याला किंवा ऑफिसातल्या त्या नव्या मुलाला. तिथं मांडववाले, साउंडवाले, केटरर, फोटोग्राफर, फुलांचे हार वेळेवर आणणारा, आणि पाऊस पडला नाही म्हणून वरुणराजा, अशी यादी निवांत वाचता येते. कामगारांची नावं त्या यादीत नसावीत, एवढं आधी सांगून ठेवावं, कारण उत्साहाच्या भरात मुलगा ती घालतोच.